६२५ पैकी ५६२ : शुल्कमाफीच्या टप्प्यांतील अर्ध्या गुणाचे प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातील एका शिक्षण संस्थेच्या पदवीपूर्व महाविद्यालयात दहावीच्या गुणांवर आधारित शुल्कमाफीची योजना आहे. सरकारी शिष्यवृत्तीशी किंवा सामाजिक प्रवर्गानुसार मिळणाऱ्या सवलतींशी तिचा संबंध नाही. संस्था आपल्या शिकवणी शुल्कातूनच ही रक्कम सोडते. परीक्षा शुल्क आणि सरकारजमा होणारी इतर शुल्के प्रत्येक विद्यार्थ्याला भरावीच लागतात. एका वर्षीच्या प्रवेशांच्या वेळी या योजनेतील ९० टक्क्यांच्या सीमेवर वाद उभा राहिला आणि तो मिटवण्यासाठी नेमलेल्या समितीत गणिताचा शिक्षक म्हणून मला बसावे लागले. वाद एका विद्यार्थिनीचा होता, परंतु तो तपासताना योजनेच्या शब्दरचनेतच राहून गेलेली फट समोर आली, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवत आहे.

माहितीपुस्तिकेत योजना चार ओळींत छापलेली होती. दहावीला ९५ टक्के व त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यास शिकवणी शुल्क पूर्ण माफ, ९० ते ९४ टक्क्यांना ७५ टक्के माफी, ८५ ते ८९ टक्क्यांना ५० टक्के माफी आणि ८० ते ८४ टक्क्यांना २५ टक्के माफी, असा तो मजकूर होता. विज्ञान शाखेचे वार्षिक शिकवणी शुल्क २४,००० रुपये असल्याने वरच्या टप्प्याकडून खाली येताना माफीची रक्कम २४,०००, १८,०००, १२,००० आणि ६,००० रुपये अशी उतरत जाई. म्हणजे कोणतीही सीमा ओलांडली किंवा हुकली, तरी फरक ६,००० रुपयांचाच पडे. खानापूर तालुक्यातील भातशेतीवर चालणाऱ्या घराला जून महिन्यात, पेरणीचा आणि प्रवेशाचा खर्च एकाच वेळी अंगावर असताना, ही रक्कम किरकोळ वाटत नाही.

कर्नाटकातील एस.एस.एल.सी. परीक्षा ६२५ गुणांची असते. प्रथम भाषेला १२५ गुण आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १०० गुण. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या मुलांची प्रथम भाषा मराठी असते, त्यामुळे १२५ गुणांची उत्तरपत्रिका मराठीची. एकूण ६२५ असल्यामुळे एका गुणाची किंमत ०.१६ टक्के आणि अर्ध्या गुणाची ०.०८ टक्के इतकी होते, आणि गोल दिसणाऱ्या टक्क्यांच्या सीमा गुणांत उतरवल्या की त्या बहुतेक वेळा अपूर्णांकावर येऊन पडतात. ८० टक्के म्हणजे बरोबर ५०० गुण, येथपर्यंत ठीक आहे. पण ८५ टक्के म्हणजे ५३१.२५ गुण, ९५ टक्के म्हणजे ५९३.७५ गुण, आणि ९० टक्के म्हणजे ५६२.५ गुण. गुणपत्रिकेवर एकूण गुण नेहमी पूर्णांकातच असतात. त्यामुळे दहावीत बरोबर ९० टक्के मिळालेला विद्यार्थी या परीक्षेत असूच शकत नाही. ५६२ गुणांना ८९.९२ टक्के होतात आणि ५६३ गुणांना ९०.०८ टक्के, सीमा या दोहोंच्या बरोबर मध्यावर, दोघांपासून अर्ध्या-अर्ध्या गुणावर आहे.

आता माहितीपुस्तिकेची शब्दरचना पुन्हा पाहिली, तर खरी अडचण दिसते. एक टप्पा ‘८५ ते ८९’ येथे संपतो आणि पुढचा ‘९० ते ९४’ येथे सुरू होतो. ज्याने हे लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर पूर्ण टक्के होते. परंतु ८९ टक्के म्हणजे ५५६.२५ गुण आणि ९० टक्के म्हणजे ५६२.५ गुण, म्हणून ५५७ पासून ५६२ पर्यंतचे सहा गुणांक अक्षरशः वाचल्यास कोणत्याच टप्प्यात बसत नाहीत. हीच गोष्ट ८४ आणि ८५ च्या मध्ये ५२६ ते ५३१ या गुणांकांची आणि ९४ व ९५ च्या मध्ये ५८८ ते ५९३ या गुणांकांची होते. तीन फटींत मिळून अठरा गुणांक. त्यांना माफी द्यायची नाही, असे संस्थेला कधीच अभिप्रेत नव्हते. खालचा टप्पा द्यायचा की वरचा, एवढेच लिहायचे राहून गेले होते. आधीच्या वर्षांत कार्यालयाने अशा विद्यार्थ्यांना मुकाट्याने खालचा टप्पा दिला होता आणि कोणी विचारले नव्हते, कारण तोवर टप्प्यांची यादी फलकावर लागत नसे.

त्या वर्षी ती लागली. यादी एक्सेलच्या तक्त्यातून छापलेली होती आणि तिच्यात नाव, एकूण गुण, टक्के आणि माफीचे टक्के असे चार रकाने होते. गुणानुक्रमे लावल्यामुळे निपाणीकडचा ५६३ गुणांचा एक विद्यार्थी आणि खानापूर तालुक्यातील ५६२ गुणांची विद्यार्थिनी यांच्या ओळी एकाखाली एक आल्या. पहिल्या ओळीत ‘९०’ आणि त्यापुढे ‘७५’ असे छापलेले होते. दुसऱ्या ओळीत ‘९०’ आणि त्यापुढे ‘५०’. मुलीचे वडील यादीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन खिडकीशी आले आणि त्यांनी विचारलेला प्रश्न पुढच्या सगळ्या चर्चेत कोणालाही त्याहून नेमका मांडता आला नाही : “सर, दोघांचं बी नव्वदच की, मग आमच्या पोरीला अर्धंच कसं?”

खिडकीवरच्या लिपिकाने त्यांना एकूण गुणांचा रकाना दाखवला. त्यावर त्यांचे म्हणणे असे की पुस्तिकेत गुणांचा उल्लेखच नाही, तेथे टक्के लिहिलेले आहेत आणि संस्थेच्याच यादीत मुलीच्या नावापुढे ९० टक्के छापलेले आहेत. हा युक्तिवाद सहज बाजूला सारण्याजोगा नव्हता.

यादीत असे का झाले, हे तक्ता उघडताच कळले. टक्क्यांच्या रकान्याला दशांश न दाखवण्याचे स्वरूप दिलेले होते. असे स्वरूप दिल्याने एक्सेल आकडा बदलत नाही, फक्त तो पडद्यावर आणि कागदावर गोल करून दाखवतो. पेटीच्या आत ८९.९२ हाच आकडा राहतो आणि पुढचे सूत्र त्या आतल्या आकड्यावरच चालते. माफी ठरवणारे सूत्र असे होते :

```
=IF(F2>=95,100,IF(F2>=90,75,IF(F2>=85,50,IF(F2>=80,25,0))))
```

सूत्रात कोणतीही फट नव्हती. पुस्तिकेतील मोकळी जागा त्याने आपल्या परीने भरून काढली होती : ८५ पासून ९० च्या आत जे काही असेल त्याला ५० टक्के. म्हणजे एकाच योजनेची तीन रूपे एकाच वेळी अस्तित्वात होती. पुस्तिकेनुसार मुलगी कोणत्याच टप्प्यात नव्हती, छापील यादीतील टक्क्यांनुसार ती ७५ टक्क्यांच्या टप्प्यात होती आणि सूत्रानुसार ५० टक्क्यांच्या. कार्यालयाला सूत्र तेवढे खरे वाटत होते, कारण पावती त्यावरून फाटत होती.

अशी चूक आपल्याकडे झाली आहे का, हे ओळखायला फार खटाटोप करावा लागत नाही. टक्क्यांच्या रकान्याला दोन दशांश दाखवायला सांगावे आणि यादी पुन्हा पाहावी. गोल करून सारखे दिसणारे दोन आकडे वेगवेगळ्या माफीपुढे उभे असतील, तर ते लगेच वेगळे होतात. ६२५ च्या परीक्षेत दोन दशांश पुरेसेही आहेत, कारण ०.१६ च्या पटीतील कोणतीही टक्केवारी दोन दशांशांत पूर्ण बसते आणि काहीही कापले जात नाही.

समितीच्या पहिल्या बैठकीत सर्वांत सोपा वाटणारा उपाय पुढे आला, तो म्हणजे टक्के खरोखरच पूर्णांकात आणावेत. सूत्राच्या आत `ROUND` घातले की ८९.९२ चे ९० होतील, यादी आणि माफी यांचा मेळ बसेल आणि तक्रार मिटेल. सहानुभूतीने पाहता हा उपाय मनाला पटतो. परंतु गोल करण्याने सीमा नाहीशी होत नाही, ती फक्त सरकते. अर्धा टक्का आणि त्यापुढचे वर न्यायचे म्हटले की ८९.५ टक्क्यांपासून पुढचे सगळे ९० होतात. ८९.५ टक्के म्हणजे ५५९.३७५ गुण, म्हणून नवी सीमा ५५९ आणि ५६० यांच्या मध्ये येते. ५६० गुणांच्या विद्यार्थ्याला ८९.६ टक्के असून तो वर जातो आणि ५५९ गुणांचा, ८९.४४ टक्के असलेला, खाली राहतो. पुढच्या वर्षी खिडकीशी येणारे पालक ५५९ गुणांचे असतील एवढाच फरक, आणि त्यांना समजावणे आणखी अवघड जाईल, कारण ५६३ ला निदान ‘९० टक्के झाले’ असे म्हणता येते. ५६० ला काय म्हणायचे?

शिवाय गोल करण्याचा नियम एका सीमेपुरता लावता येत नाही. तो चारही सीमांना लागू केला, तर ४९७ ते ४९९, ५२९ ते ५३१, ५६० ते ५६२ आणि ५९१ ते ५९३ असे बारा गुणांक एकेक टप्पा वर सरकतात. त्या वर्षीच्या प्रवेशित विद्यार्थ्यांत या गुणांकांवर अकरा जण होते, म्हणजे संस्थेवर ६६,००० रुपयांचा वाढीव भार. त्यांपैकी तिघे तर ८० टक्क्यांच्या खालचे होते, ज्यांच्याबाबत पुस्तिकेत कोणतीही संदिग्धता नव्हती. लेखापालांचा आक्षेप पैशांवर होता. माझा आक्षेप वेगळा होता : पुस्तिकेत ‘गोल करून’ असे कोठेही लिहिलेले नसताना तो नियम प्रवेश सुरू झाल्यावर लावला, तर ज्यांनी ८० टक्के नाहीत म्हणून अर्जच केला नव्हता त्यांच्यावर अन्याय होणार होता.

समितीतील एका सदस्याने विचारले की मुळात अर्ध्या गुणाचा एवढा प्रश्न का यावा, तपासणी काटेकोर असतेच की. याचे उत्तर उत्तरपत्रिकेत आहे. गणित आणि विज्ञानाच्या आदर्श उत्तरांत प्रत्येक पायरीला गुण नेमून दिलेले असतात आणि त्यांत अर्ध्या गुणाच्या पायऱ्या पुष्कळ असतात : सूत्र लिहिले की अर्धा गुण, किमती भरल्या की अर्धा, उत्तर काढले की एक. तीन गुणांच्या प्रश्नात विद्यार्थिनीने सूत्र न लिहिता थेट किमती भरल्या, तर एक परीक्षक तो अर्धा गुण देईल आणि दुसरा कापेल. दोघेही आपापल्या जागी नियमाला धरून आहेत असे म्हणता येते. उत्तरपत्रिकेची बेरीज मात्र शेवटी पूर्ण गुणांत लिहिली जाते, त्यामुळे त्या अर्ध्याचा एक तर पूर्ण गुण होतो किंवा त्याची काहीच निशाणी उरत नाही. या मुलीचे गुण मराठी ११७, इंग्रजी ८६, कन्नड ८४, गणित ९१, विज्ञान ९० आणि समाजविज्ञान ९४ असे होते. सहा उत्तरपत्रिकांपैकी एकीत एक पायरी इकडची तिकडे झाली असती, तर एकूण ५६३ झाले असते. सीमेपासूनचे इतके कमी अंतर हे तपासणीतील स्वाभाविक फरकाच्या आतले आहे, आणि ५६२ व ५६३ या दोन मुलांत अभ्यासाचा काही फरक आहे असे कोणताही शिक्षक सांगू शकणार नाही. तरीही शुल्काच्या पावतीत फरक ६,००० रुपयांचा पडतो.

येथेच आणखी एक बाब जोडून आली. निकालानंतर विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यमापनासाठी अर्ज करता येतो. त्याखेरीज २०२४ पासून कर्नाटकात दहावीच्या एका वर्षात तीन परीक्षा होऊ लागल्या होत्या आणि विद्यार्थ्याचे सर्वांत चांगले गुण ग्राह्य धरले जात होते. महाविद्यालयातील प्रवेश मात्र पहिल्या परीक्षेच्या निकालानंतर लगेच सुरू होतात. म्हणजे माफीचा टप्पा ज्या गुणांवर ठरतो ते गुण पुढे वाढण्याची शक्यता खुली असते, आणि पुस्तिकेत त्याविषयी अवाक्षर नव्हते. मुलीने गणिताच्या पुनर्मूल्यमापनाचा अर्ज केलेला होता, पण उत्तर यायचे होते. शुल्काचा पहिला हप्ता भरायची मुदत त्याआधी संपत होती.

सदस्यांचे एकमत होत आलेले असताना तिसरे प्रकरण समोर आले आणि त्याने विषय अधिक गुंतागुंतीचा केला. सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातून, म्हणजे महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्यातून, बेळगावला शिकायला येणारी मुले या भागात नवी नाहीत. अशाच एका विद्यार्थिनीने महाराष्ट्र मंडळाची गुणपत्रिका जोडली होती. तिचे सहा विषयांतील गुण ९३, ९१, ९०, ८८, ८८ आणि ८० असे होते. महाराष्ट्रात दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर काढतात. त्यामुळे ८० गुणांचा विषय सोडून उरलेल्या पाचांची बेरीज ४५० होते आणि ५०० पैकी ४५० म्हणजे नेमके ९०.०० टक्के. ती सीमेवर अचूक उभी होती. ‘९० ते ९४’ या शब्दांत ९० धरलेले असल्याने तिला ७५ टक्के माफी मिळण्यात पुस्तिकेची काहीच आडकाठी नव्हती.

पण सहाही विषय धरले तर तिचे ६०० पैकी ५३० होतात, म्हणजे ८८.३३ टक्के. याउलट खानापूरच्या मुलीला सर्वोत्तम पाचांचा नियम लावला, तर तिचा सर्वांत कमी गुणांचा कन्नड विषय बाजूला जाऊन ५२५ पैकी ४७८ उरतात, आणि ते ९१.०५ टक्के होतात. सर्व विषयांच्या हिशेबाने खानापूरची मुलगी पुढे आहे, सर्वोत्तम पाचांच्या हिशेबानेही तीच पुढे आहे, आणि तरीही संस्थेच्या यादीत ती मागे होती, कारण एकीची टक्केवारी एका रीतीने काढलेली होती आणि दुसरीची दुसऱ्या रीतीने. अर्ध्या गुणावर आम्ही दोन बैठका खर्च केल्या होत्या. येथे केवळ मंडळ बदलल्याने दीड टक्क्याहून अधिक अंतर उलटे झाले होते आणि ते कोणाच्या तक्रारीतही नव्हते. सीमाभागातील प्रत्येक महाविद्यालयाला हा प्रश्न आहे, कारण येथे एकाच वर्गात दोन्ही मंडळांची मुले बसतात. महाराष्ट्राकडच्या गुणपत्रिकेत क्रीडा, चित्रकला किंवा लोककला यांचे वाढीव गुण मिळवलेले असतील, तर तुलना आणखी तिरकी होते.

समितीचा त्या वर्षापुरता निर्णय पुढीलप्रमाणे झाला. छापील मजकूर संदिग्ध असेल तर त्याचा भार तो लिहिणाऱ्यावर पडावा, हे तत्त्व सर्वांनी मान्य केले. मात्र त्याचा अर्थ फटीतील प्रत्येकाला वरचा टप्पा द्यावा असा नाही, कारण पुस्तिकेने त्यांना वरच्या टप्प्यातही ठेवलेले नव्हते. त्यांना दोन टप्प्यांच्या मध्ये ठेवलेले होते, म्हणून माफीही मधलीच द्यावी, असे ठरले. फटींतील अठरा गुणांकांवर त्या वर्षी चौदा विद्यार्थी होते. प्रत्येकाला खालच्या टप्प्यापेक्षा ३,००० रुपये अधिक, म्हणजे एकूण ४२,००० रुपये. खानापूरच्या मुलीला १२,००० ऐवजी १५,००० रुपयांची माफी मिळाली. चंदगडच्या मुलीचे ७५ टक्के कायम ठेवले गेले. पुस्तिकेत केवळ ‘दहावीची टक्केवारी’ एवढेच म्हटलेले होते आणि तिने तिच्या मंडळाच्या रीतीची टक्केवारीच सादर केली होती, त्यामुळे दिलेली सवलत मागे घेण्यास आधार नव्हता. परिणामी त्या वर्षी ८९.९२ वाल्या मुलीपेक्षा ८८.३३ वाल्या मुलीला ३,००० रुपये अधिक माफी मिळाली. हे बरोबर झाले असे मला तेव्हाही वाटले नाही, पण प्रवेश झाल्यानंतर नियम बदलून एका मुलीची सवलत काढून घेणे त्याहून वाईट ठरले असते.

मधल्या माफीचा तोडगा कायम ठेवता आला असता का, असाही प्रश्न आला. ठेवता आला असता, आणि त्याने सीमेवरची उडी ६,००० वरून ३,००० वर आली असती. परंतु ५५७ ते ५६२ या पट्ट्याला योजनेत काही कारण नव्हते; तो केवळ छपाईतील मोकळ्या जागेतून जन्मलेला होता. पुढच्या वर्षीच्या पालकांना ‘हा टप्पा कोठून आला’ हे सांगता येणार नाही अशी तरतूद ठेवू नये, असे बहुमत पडले.

पुढील वर्षासाठी मजकूर नव्याने लिहिला गेला, आणि त्यातील मुख्य बदल असा की टप्पे आता टक्क्यांत नसून गुणांत छापले जातात. एस.एस.एल.सी.च्या विद्यार्थ्यासाठी ५९४ व त्याहून अधिक गुणांना पूर्ण माफी, ५६३ ते ५९३ ला ७५ टक्के, ५३२ ते ५६२ ला ५० टक्के आणि ५०० ते ५३१ ला २५ टक्के. दोन टप्प्यांत एकाही गुणाची जागा रिकामी नाही आणि एकही गुण दोन टप्प्यांत येत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या विद्यार्थ्यासाठी सहाही विषयांचे ६०० पैकी गुण धरले जातील, वाढीव गुण वगळून; तेथे त्याच सीमा ५७०, ५४०, ५१० आणि ४८० अशा येतात. ६०० ला भाग सुबक जात असल्याने या चारही सीमा पूर्ण गुणावर पडतात, म्हणून तेथे ‘व त्याहून अधिक’ हे शब्द ६२५ पेक्षाही जास्त महत्त्वाचे आहेत. ५४० गुण म्हणजे बरोबर ९० टक्के, आणि तो विद्यार्थी आत की बाहेर हे त्या तीन शब्दांवरच ठरते.

तक्त्यातूनही टक्क्यांचा रकाना काढून टाकला. एकूण गुण `D` मध्ये आणि कमाल गुण `E` मध्ये ठेवून तुलना भागाकाराशिवाय केली, म्हणजे दशांश दाखवण्याचा वा गोल करण्याचा प्रश्नच उरत नाही :

```
=IF(D2*100>=95*E2,100,IF(D2*100>=90*E2,75,
 IF(D2*100>=85*E2,50,IF(D2*100>=80*E2,25,0))))
```

५६२ च्या ओळीत डावीकडे ५६,२०० येतात आणि उजवीकडे ५६,२५०. ५० कमी पडले हे कोणालाही दाखवता येते. ते ऐकून पालकाचे समाधान होईलच असे नाही, पण यादीत आणि पावतीत दोन वेगळ्या गोष्टी दिसणार नाहीत.

पुनर्मूल्यमापन आणि नंतरच्या परीक्षांसाठी वेगळे कलम आले. प्रवेशाच्या वेळचा टप्पा तात्पुरता समजला जाईल. ३१ ऑगस्टपर्यंत सुधारित गुणपत्रिका सादर केल्यास आणि टप्पा वर गेल्यास फरक दुसऱ्या हप्त्यातून वजा केला जाईल. पुनर्मूल्यमापनात गुण कमी झाले तर दिलेली माफी परत मागितली जाणार नाही. या शेवटच्या वाक्याला लेखापालांचा विरोध होता. तो मागे घेतला गेला तो अशा विद्यार्थ्यांची संख्या नगण्य असते या कारणाने. दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षेचे वाढीव गुण धरायचे की नाहीत यावर मतभेद होता. एकाच परीक्षेत मिळवलेले गुण आणि पुन्हा बसून वाढवलेले गुण सारखे मानावेत का, अशी शंका होती. मंडळ स्वतः सर्वोत्तम गुण ग्राह्य धरत असताना महाविद्यालयाने वेगळा निकष लावू नये, या मताला अखेर मान्यता मिळाली.

टप्प्यांची रचनाच सोडून द्यावी, असा प्रस्ताव मी मांडला होता, तो मात्र स्वीकारला गेला नाही. जिन्याऐवजी उतरण करावी, म्हणजे प्रत्येक गुणाला ठरावीक रक्कम जोडावी, असा तो होता. ५०० गुणांना ३,००० रुपये धरून पुढच्या प्रत्येक गुणाला १९० रुपये वाढवले, तर ५४७ गुणांना ११,९३० आणि ५७८ गुणांना १७,८२० रुपये येतात. हे गुणांक जुन्या टप्प्यांचे मध्य आहेत आणि तेथील जुनी माफी अनुक्रमे १२,००० आणि १८,००० होती, म्हणून संस्थेचा एकूण खर्च साधारण तेवढाच राहतो. ५६२ ला १४,७८० आणि ५६३ ला १४,९७० रुपये. अर्ध्या गुणाची सीमा हा प्रकारच शिल्लक राहत नाही. पुनर्मूल्यमापनात एक गुण वाढला तर १९० रुपये वाढतात, बस्स. ५०० च्या खालीही हीच रेषा नेली, तर माफी ४८५ गुणांपाशी जवळजवळ शून्यावर उतरते आणि ८० टक्क्यांची उडीही जाते. वरच्या बाजूला ६११ गुणांपासून पूर्ण माफी होते.

या रचनेत तोटा कोणाचा होतो हेही सांगितले पाहिजे. निपाणीकडच्या ५६३ वाल्या मुलाला १८,००० ऐवजी १४,९७० रुपये मिळतील, आणि ५९४ वाल्याला पूर्ण माफीऐवजी २०,८६० रुपये. टप्प्याच्या तळाशी असणाऱ्यांना आज जे जास्तीचे मिळते ते टप्प्याच्या माथ्यावर असणाऱ्यांकडे जाते. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची अडचण याहून व्यावहारिक होती. काही माफी देणगीदारांच्या ठेवींच्या व्याजातून दिली जाते आणि त्या देणग्यांच्या करारपत्रांत ‘९० टक्क्यांवरील विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द आहेत. ते शब्द बदलायला प्रत्येक देणगीदाराची संमती लागते. शिवाय ‘९५ टक्क्यांना पूर्ण शुल्कमाफी’ हे वाक्य प्रवेशाच्या हंगामात फलकावर जितके ठसठशीत दिसते, तितके ‘प्रत्येक गुणाला १९० रुपये’ हे दिसत नाही, असेही एका पदाधिकाऱ्याने स्पष्टपणे सांगितले. त्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या निधीतून जाणाऱ्या माफीपुरती तरी उतरण लावता येईल का, याचा हिशेब मागील तीन वर्षांच्या प्रवेशयाद्यांवर करून पुढच्या बैठकीपुढे ठेवण्यास मला सांगण्यात आले.